पट्ट्याच्या भोकात डोकावताना

नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर पट्टे विकणारे बरेच जण खिशात लायटर ठेवतात. गिऱ्हाईक जरा थबकलं की पट्ट्याचं टोक ज्योतीवरून झर्रकन फिरवायचं आणि म्हणायचं, "पाहा भाऊ, काही झालं का? प्युअर लेदर आहे." बघणाऱ्याला पटतंही, कारण चामडं जळत नाही आणि रेक्झिन वितळतं हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. गेली बरीच वर्षं मी चामड्याच्या ऑफिस बॅगा आणि पाकिटं शिवून घेण्याचं काम करतो. हा लायटरचा प्रयोग पाहिला की मला दर वेळी वाईट वाटतं, कारण तो बघून माणूस निर्धास्त होतो आणि नेमक्या चुकीच्या वस्तूला पैसे मोजतो.

ज्योत क्षणभर फिरवली तर साधं रेक्झिनसुद्धा पेटत नाही, तेवढा वेळच त्याला मिळत नाही. टोक नीट जाळलं तर फरक कळतो. चामडं आक्रसतं, काळं पडतं आणि केस जळल्यासारखा वास येतो, कारण केसांसारखीच तीही प्रथिनं आहेत. प्लास्टिक मात्र वितळून थेंब धरतं आणि नाकाला झोंबतं. पण या कसोटीला उत्तर मिळतं ते एवढंच, की या वस्तूत कुठेतरी जनावराचं कातडं आहे की नाही. आज बाजारात फसगत होते ती निव्वळ रेक्झिनमुळे फारशी होत नाही. ती होते मधल्या मालामुळे. त्यात कातडं असतं, त्यामुळे काडीच्या परीक्षेत तो सहज पास होतो, आणि तरी वर्ष-दीड वर्षात त्याचे पापुद्रे सुटायला लागतात.

हा मधला माल समजून घ्यायचा तर कातडं आतून कसं असतं ते डोळ्यांसमोर आणावं लागतं. आपल्याकडे बाजारात येणारं जाड चामडं बहुतेक म्हशीचं असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हशीचं कातडं पट्ट्याला किंवा पाकिटाला लागतं त्यापेक्षा खूप जाड असतं, म्हणून ते मशीनवर आडवं चिरतात. वरचा थर निघतो तो केसाळ बाजूचा. तिथे तंतू बारीक आणि घट्ट विणलेले असतात आणि केस निघून गेले तरी त्यांची रंध्रं राहतात. या थराला धंद्यात ग्रेन म्हणतात. खालचा थर उरतो त्याला स्प्लिट म्हणतात. त्याचे तंतू जाड आणि सैल असतात, दोन्ही बाजूंनी तो लोकरीसारखा मऊ लागतो आणि त्याला रंध्रं नसतातच, कारण केसांची मुळं तिथपर्यंत पोचलेलीच नसतात.

स्प्लिट वाया जात नाही आणि जाऊही नये. त्याचे मजुरांचे हातमोजे होतात, सुएड होतं, बुटाच्या आतलं अस्तर होतं. अडचण सुरू होते ती त्याला ग्रेनचा मुखवटा चढवला की. स्प्लिटवर पॉलियुरेथेनची, म्हणजे पीयूची, पातळ फिल्म चिकटवतात आणि तापलेल्या रोलरने तिच्यावर रंध्रं आणि सुरकुत्या छापतात. वरून दिसतं ते प्लास्टिक, खाली असतं ते चामडं, आणि शिक्का बसतो 'जेन्युइन लेदर' असा. त्या शिक्क्यात शब्दशः खोटं काही नाही. म्हणूनच तो मला जास्त खुपतो. चपलाबुटांच्या युरोपीय नियमांत मात्र याची सोय आहे: वरचा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला की तो माल नुसता 'चामडं' राहत नाही, 'लेप दिलेलं चामडं' म्हणून त्याची वेगळी खूण करावी लागते. आपल्या पट्ट्याच्या टॅगवर असं काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

याच्याही खालची पायरी म्हणजे बॉण्डेड लेदर. कारखान्यात चामडं कापताना, तासताना जो चुरा पडतो तो दळतात, त्यात गोंदासारखा बाइंडर घालतात, त्याच्या शीट लाटतात आणि वर पुन्हा पीयूची फिल्म. लाकडाच्या भुशापासून पार्टिकल बोर्ड होतो, तसाच हा प्रकार. चामड्याची ताकद त्याच्या लांब, एकमेकांत गुंतलेल्या तंतूंत असते, आणि दळताना नेमके तेच तुटतात. पण त्यात चामड्याचा भुगा असतो, म्हणून वास येतो, जाळलं तर केसांचाच वास येतो, आणि 'लेदर' हा शब्दही छापता येतो.

आता दुकानात काय करायचं? माझा भाचा मिहानमध्ये नोकरीला लागला तेव्हा त्याच्यासाठी एक पट्टा आणि एक पाकीट घ्यायला आम्ही दोघं बर्डीला गेलो. तो प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण तपासायचं ते सगळं त्यात आलं.

दुकानदाराने तीन पट्टे काउंटरवर टाकले. तिन्ही काळे, तिन्ही पस्तीस मिलिमीटर रुंद, तिन्हींच्या पाठीवर तोच सोनेरी शिक्का. भाच्याने सवयीने आधी नाकाशी धरले. मी त्याला म्हटलं, वास सोड. चामड्याचा वास येतो तो कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा आणि तेलांचा, आणि तो वास वरून फवारताही येतो. दुकानात आजूबाजूला शंभर पट्टे टांगलेले असतील तर रेक्झिनलाही त्यांचा वास लागतो. पाण्याचा थेंब टाकून बघायचा उपायही मी करत नाही. थेंब मुरला तर ते बहुधा चामडं असतं, पण तो मुरला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण चांगल्या फिनिशच्या अस्सल चामड्यावरही थेंब तसाच उभा राहतो.

"मग पाहायचं काय, मामा?"

"भोकं."

पट्ट्याला पाच-सात भोकं असतात आणि पंच मारताना ती वरपासून खालपर्यंत सगळे थर कापत जातात. पट्ट्याच्या कडेला रंग लावून आतलं झाकता येतं आणि तसा रंग बहुतेक पट्ट्यांना असतोच. कडा गुळगुळीत, काळी, चकचकीत दिसली की आत काय आहे ते कळत नाही. पण भोकाच्या आतून रंग लावत बसण्याइतका वेळ कारखान्यात कोणी घालवत नाही. मोबाइलचा टॉर्च लावायचा, पट्टा भोकापाशी किंचित वाकवायचा म्हणजे भोक उघडतं, आणि कॅमेरा झूम करून त्याच्या भिंतीकडे बघायचं. जिथे भोकांना धातूची रिंग बसवलेली असते तिथे बकलची जीभ जाण्यासाठी कापलेली लांबट फट बघावी. ती बकलच्या दुमडीत असते, म्हणून जरा वाकून बघावं लागतं.

पहिल्या पट्ट्याच्या भोकात तीन रेघा दिसल्या. वर काळी चमकदार रेघ, केसाइतकी. मध्ये करडा, एकसारखा, पुठ्ठ्यासारखा थर, आणि खाली पुन्हा पातळ काळं काहीतरी. त्या मधल्या थरावर मी टाचणीचं टोक हलकेच फिरवलं तर भुगा निघाला. तो बॉण्डेड. दुकानदार बघत होता. तो म्हणाला, "भाऊ, हे काय करून राहिले? खराब होईल ना." मी सांगितलं, भोकाच्या आत टाचणी लावली आहे, बाहेर नाही, आणि हा पट्टा आम्हाला नको आहे. त्याने काही वाद घातला नाही.

दुसरा पट्टा जास्त अवघड होता, आणि बहुतेक लोक त्यालाच भुलतील असं मला वाटतं. त्याच्या भोकात खाली खरे तंतू दिसत होते, लोकरीसारखे, टाचणीने ओढले तरी न तुटणारे. पण वरच्या बाजूला एक वेगळी, स्वच्छ रेघ होती, तंतूंपासून तुटक. खऱ्या ग्रेनमध्ये अशी रेघ नसते. वरचे बारीक तंतू खाली जाताना हळूहळू जाड होत जातात. कुठे एक थर संपला आणि दुसरा सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. इथे ते दाखवता येत होतं. म्हणजे स्प्लिट, वर फिल्म.

खात्री करायला मी पट्टा काउंटरवर पूर्ण लांब पसरला आणि भाच्याला म्हटलं, याच्या सुरकुत्या टोकापासून टोकापर्यंत बघ. एका पट्ट्यासाठी चामड्याची जवळजवळ चार फूट लांब पट्टी लागते. एवढ्या अंतरात कातडं एकसारखं राहूच शकत नाही. पाठीकडे ते घट्ट असतं, पोटाकडे सैल होत जातं, मध्ये कुठे काट्याचा ओरखडा असतो, कुठे गोचिडाचा डाग, कुठे रंध्रं विरळ. या पट्ट्यावर रंध्रं होती, पण सगळी एका मापाची, आणि एक छोटी वाय आकाराची सुरकुती थोड्या थोड्या अंतराने हुबेहूब परत येत होती. रोलर फिरला की त्याच्यावरचा ठसा पुन्हा उमटतो. ती सुरकुती भाच्याने स्वतः शोधली, आणि नंतर दुकानातले बाकीचे पट्टेही तो तसेच पसरून बघायला लागला.

इथे एक इशारा द्यायला हवा. छापील रंध्रं दिसली म्हणजे माल खोटाच असं समजू नये. अस्सल ग्रेनवर खूप डाग असले तर कारखाना वरून हलकं घासतो आणि पुन्हा नक्षी छापतो. ते चामडंच आहे, फक्त त्याचा चेहरा बदलला आहे. म्हणून वरच्या पृष्ठभागावरून निकाल देऊ नये. भोक जे सांगेल ते खरं धरावं.

तिसऱ्या पट्ट्याला शिवण नव्हती. एकच थर, साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाड, पाठ नुसती घासून गुळगुळीत केलेली. भोकाच्या भिंतीवर वरचा रंग थोडा आत उतरला होता आणि मग फिकट तपकिरी होत गेला होता, रेघ कुठेच नव्हती. अंगठ्याने दाबलं तर दाबाभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरल्या आणि अंगठा काढल्यावर विरल्या. रेक्झिनवर दाबलं तर नुसता खड्डा पडतो, सुरकुत्या पसरत नाहीत. कडेच्या शिवणीबद्दल सांगायचं तर ती असणं म्हणजे फसवणूक नाही. फॉर्मल पँटवरचे कितीतरी चांगले पट्टे वर पातळ चामडं, मध्ये भरणी आणि खाली अस्तर असे शिवूनच होतात. फक्त शिवण दिसली की आत एकापेक्षा जास्त थर असणार हे धरून चालावं आणि प्रत्येक थर काय आहे ते विचारावं.

भाचा बारीक आहे, पट्टा त्याला लांब झाला. दुकानदार म्हणाला, "कापून देतो." बकलचे स्क्रू काढून त्याने तिकडच्या बाजूने तीन बोटं पट्टा कापला आणि तुकडा कचऱ्यात टाकायला निघाला. मी तो मागून घेतला. बर्डीत पट्टा घेताना ही गोष्ट कोणी करत नाही आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. कापलेला तुकडा म्हणजे तुमच्या हातातला नमुना. त्याची ताजी, बिनरंगाची कड डोळ्यांसमोर असते. काडी लावायचीच असेल तर या तुकड्याला लावा, घराबाहेर, आणि धूर तोंडावर घेऊ नका, कारण पीव्हीसीचं रेक्झिन असलं तर तो धूर आम्लाचा असतो. वरची फिल्म नखाने सोलून बघा. रात्रभर पाण्यात ठेवा. चामडं ओलं होऊन लिबलिबीत पडेल, पण ओढलं तर फाटणार नाही. आमच्या तुकड्याने हे सगळं सोसलं. स्क्रूचं किंवा क्लिपचं बकल असलेला पट्टा घेण्याचा हाच फायदा आहे. तुमच्या मापाचा असला तरी दुकानदाराला बकल उघडायला सांगा, आतलं टोक उघडंच असतं.

पाकिटाचं असं नाही. पाकिटाला भोकं नसतात आणि चांगल्या पाकिटाच्या कडा आत दुमडून शिवलेल्या असतात, म्हणजे कापलेली बाजू कुठेच दिसत नाही. इथे शोधायची ती चामड्याची मागची बाजू. कार्डाच्या खणात बोट घाला आणि बाहेरच्या थराच्या पाठीला चाचपा. तिथे अस्तर नसेल तर लोकरीसारखा खरखरीत स्पर्श लागला पाहिजे. कापडाची वीण लागली तर ते रेक्झिन. मात्र मायक्रोफायबरचं कृत्रिम चामडं पाठीलाही लोकरीसारखंच लागतं, तेव्हा नुसत्या स्पर्शावर थांबू नये. खणांच्या वरच्या कडा पुष्कळदा दुमडलेल्या नसतात, नुसत्या कापलेल्या असतात. तिथे पुन्हा टॉर्च आणि झूम.

आम्ही पाहिलेल्या पाकिटांपैकी भाच्याला एक तपकिरी फार आवडलं. बाहेरून ते बकरीचं होतं आणि ते लगेच ओळखू आलं, कारण बकरीची रंध्रं एकेकटी नसतात, लहान लहान घोळक्यांत, ओळींनी बसलेली असतात. पण आत कार्डांच्या खणांची पट्टी वेगळी होती, जरा जास्तच एकसारखी, आणि तिच्या कापलेल्या कडेला कापडाचे दोरे दिसत होते. बाहेर चामडं, आत रेक्झिन. पाकिटात ही तडजोड इतकी सर्रास आहे की दुकानदारालाही ती सांगावीशी वाटत नाही. मला ती सांगावीशी वाटते, कारण पाकीट आधी आतून जातं. कार्ड रोज आत-बाहेर होतं, खणाची कड घासते, फिल्म सुटते, आणि बाहेरचं चामडं ठणठणीत असताना पाकीट फेकावं लागतं. आत चामडं नको असेल तर घट्ट विणीचं साधं कापडी अस्तर असलेलं घ्यावं, ते रेक्झिनपेक्षा जास्त टिकतं. आम्ही ते तपकिरी ठेवून दिलं आणि दुसऱ्या दुकानातून आतले खणही चामड्याचे असलेलं, जरा जाड आणि दिसायला साधं असं घेतलं. भाचा थोडा हिरमुसला, पण पैसे त्याचेच होते आणि शेवटी निर्णयही त्यानेच घेतला.

फिल्म सुटते ती नुसती वापराने नाही, हे नागपूरकरांनी तरी नीट लक्षात घ्यावं. पीयूच्या अनेक प्रकारांत रेणूंचे असे जोड असतात जे पाण्याची वाफ हळूहळू तोडते, आणि उष्णता असली की हे काम वेगाने होतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बंद कपाट तापतं, जूनमध्ये पाऊस आला की त्याच कपाटात दमट हवा शिरते, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यापर्यंत हे चालूच असतं. लग्नात एकदा घातलेला पट्टा दोन वर्षांनी बाहेर काढला आणि काळी साल हातात आली, असं कितीतरी घरांत घडतं. लोकांना वाटतं वापरला नाही म्हणून खराब झाला. तो टांगल्या जागीच विरत होता. त्याला पॉलिश, तेल, क्रीम काहीही लावून उपयोग नाही, कारण तुटलेलं रसायन वरून जोडता येत नाही.

खऱ्या चामड्याला याच हवेत वेगळा त्रास होतो. उन्हाळ्यात ते कोरडं पडतं, स्कूटरच्या डिकीत राहिलं तर आणखी. पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी येते. ही बुरशी बघून मागे एक ओळखीच्या काकू पट्टा टाकूनच द्यायला निघाल्या होत्या. कोरड्या कापडाने पुसून, सावलीत वारं लागेल असा टांगून, वर थोडं क्रीम लावलं की तो पुन्हा वापरता येतो. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र गुंडाळून ठेवू नका, ओल आतच अडकते.

रेक्झिनबद्दल मला राग नाही. पावसात रोज भिजणाऱ्या माणसाला, किंवा ज्याला जनावराचं कातडं वापरायचंच नाही त्याला, चांगल्या मायक्रोफायबरवरचं पीयू योग्यच आहे आणि त्याची किंमतही रास्त असते. राग आहे तो चामड्याचे पैसे घेऊन फिल्म विकण्याचा. तो तिसरा पट्टा पहिल्या दोघांपेक्षा महाग होता, पण दुसऱ्यापेक्षा फार नव्हता. मला खटकलं ते हेच: स्प्लिटवाला पट्टा अस्सल ग्रेनच्या जवळपास भावात विकला जात होता, आणि तिन्हींवरचा शिक्का एकच होता.

ऑनलाइन घ्यायचा असेल तर भोकात डोकावता येत नाही. तेव्हा विक्रेत्याला दोन फोटो मागावेत: एका भोकाचा जवळून, पट्टा वाकवून, आणि बकल काढून आतल्या टोकाचा. पाकिटासाठी कार्डाच्या खणाच्या कापलेल्या कडेचा. शिवाय 'खालचा थर कुठला, वर फिल्म आहे का, आतले खण कशाचे' एवढं लिहून विचारावं. माझ्याकडून बॅगा नेणारे लोक मला हे विचारतात तेव्हा मी कापलेला तुकडा सोबत पाठवतो. ज्याच्याकडे अस्सल माल आहे त्याला तुकडा द्यायला काही अडचण नसते.